सफरचंदाची चमक आणि काकडीची साल



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवताना एक शिस्त कटाक्षाने पाळत. प्रश्न घरातला असावा आणि उत्तर घरी जाऊन पडताळता यावे. ती शिस्त पाळून मी आजचा विषय निवडला आहे. सफरचंदावर आणि काकडीवर मेण असते का? असेल तर ते धुऊन जाते का, घासून जाते का, की साल काढल्याशिवाय सुटका नाही? अन्नरसायनाचा शिक्षक म्हणून रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या, बूढापाऱ्यातल्या मराठी घरांतून हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर नीट, सविस्तर आणि एकदाच मांडावे असे वाटले.

आधी हे मेण येते कुठून ते पाहू. पहिले मेण झाडच देते. सफरचंद फांदीवर असतानाच त्याच्या सालीवर मेणाचा थर तयार होतो. झाडावरून नुकत्याच उतरवलेल्या फळावर धुरकट, पांढुरकी झाक दिसते, ती या थराची. रुमालाने पुसले की ती झाक जाते आणि फळ चमकू लागते. पुसल्याने मेण गेले असे आपल्याला वाटते, पण बहुतेक मेण जागेवरच असते. त्याचे वरचे बारीक कण दबून सपाट होतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि प्रकाश एकसारखा परतू लागतो. या थरात उर्सोलिक आम्ल नावाचा एक घटक असतो आणि लांब साखळ्यांची मेणे असतात. त्यांचे काम फळातले पाणी आत राखण्याचे आणि बाहेरचे पाणी, बुरशी लांब ठेवण्याचे. सफरचंदात शंभर ग्रॅममागे सुमारे ८५ ग्रॅम पाणी असते. हा थर नसता तर उतरवल्यापासून काही दिवसांतच फळ सुरकुतले असते.

काही जातींची सफरचंदे घरी आणून ठेवली की हाताला तेलकट, चिकट लागू लागतात. दुकानदाराने तेल चोपडले अशी शंका तिथे लगेच येते. ही तेलकटीही फळाचीच असते. फळ पिकत जाते तशी त्याच्या मेणात काही द्रवरूप घटकांची भर पडते आणि साल निसरडी होते. फळ फार पिकले आहे, लवकर खावे, एवढाच तिचा अर्थ.

दुसरे मेण माणूस लावतो आणि त्यामागे कारण असते. मोठ्या पॅकिंग केंद्रात फळ पाण्याच्या हौदातून जाते, फिरत्या ब्रशांखालून जाते, धुतले आणि वाळवले जाते. माती, फवारणीचे अवशेष आणि पक्ष्यांची घाण काढायला हे आवश्यकच असते. पण ब्रश धुळीबरोबर नैसर्गिक मेणाचाही काही भाग खरवडून नेतो. मग ते फळ महिनोन्महिने शीतगृहात राहणार, जहाजातून हजारो किलोमीटर येणार, तर गेलेल्या मेणाची भरपाई करावी लागते. म्हणून वाळलेल्या फळावर मेणाचे पातळ द्रावण फवारतात, मऊ ब्रशने पसरवतात आणि गरम हवेने सुकवतात. एका फळाला द्रावणाचे एक-दोन थेंब पुरतात. त्यातले बरेचसे पाणीच असते आणि सुकल्यावर मागे काही मिलिग्रॅम उरतात.

हा आकडा डोळ्यांपुढे आणायला एक फळ घेऊ. दोनशे ग्रॅमचे सफरचंद साधारण साडेसात सेंटिमीटर व्यासाचे असते. ते गोल धरले तर त्याच्या सालीचे क्षेत्रफळ सुमारे १७५ चौरस सेंटिमीटर भरते. फळाचे स्वतःचे मेण जातीनुसार कमी-जास्त असते, पण चौरस सेंटिमीटरला अर्धा मिलिग्रॅम धरले तर एका फळावर ८५-९० मिलिग्रॅम होते. म्हणजे बाहेरून लावलेले काही मिलिग्रॅम हे फळाच्या स्वतःच्या मेणापुढे थोडेच आहेत. हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण पुढच्या एका प्रचलित चाचणीचा निकाल यावरच ठरणार आहे.

लावायचे मेण कोणते, हा खरा महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडे २०११ च्या अन्नसुरक्षा व मानके (विक्रीवरील मनाई व निर्बंध) विनियमांत फळे-भाज्यांसाठी स्पष्ट तरतूद आहे. विकायच्या ताज्या फळांवर आणि भाज्यांवर मेण, खनिज तेल किंवा रंग यांचा थर नसावा, हा सर्वसाधारण नियम. त्याला त्याच तरतुदीत अपवाद दिला आहे तो तीन गोष्टींना, नाव घेऊन: मधमाश्यांचे मेण, कार्नौबा मेण आणि शेलॅक. तेही गरजेपुरते, आणि वेष्टनावर कोणते मेण लावले आहे ते छापण्याच्या अटीवर. कार्नौबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळते. मधमाश्यांचे मेण सर्वांना ठाऊक आहे. शेलॅकवर मात्र मी थोडा थांबणार आहे, कारण ते आपल्या दारातले आहे.

शेलॅक म्हणजे चपडा, लाखेपासून बनलेला. केरिया लॅक्का नावाचा बारीकसा किडा कुसुम, पळस आणि बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांना चिकटून रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच करतो. ती फांदी तोडून खरवडली की काडीलाख मिळते. ती कुटून, धुऊन, वाळवली की चौरी, आणि चौरी वितळवून, गाळून, पातळ ताणली की चपडा. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश, पश्चिम बंगाल ही लाखेची प्रमुख राज्ये, आणि महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गोंदिया हे तिच्या कारखान्यांचे जुने गाव. आपल्या छत्तीसगडात कांकेर, धमतरी, कोरबा, चांपा या पट्ट्यात लाख होते. कुसुमावरची ती कुसमी आणि पळस-बोरावरची ती रंगीनी. कुसमी लाख फिक्या रंगाची आणि अधिक मोलाची. रांचीजवळच्या नामकुम इथे १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, इतके या पिकाचे महत्त्व होते. भारत हा जगातला चपड्याचा मोठा निर्यातदार आहे. त्यामुळे परदेशात चपडा लावलेले जे सफरचंद रायपूरच्या लालपूर फळबाजारात येऊन पोहोचते, त्यावरची चमक आपल्याच जंगलातून निघून जगाचा फेरा करून परत आलेली असू शकते.

फळांसाठी हा चपडा तसाच वापरत नाहीत. त्याचा रंग घालवतात, त्यातले स्वतःचे मेण काढून टाकतात आणि मग अमोनियासारख्या अल्कलीच्या साहाय्याने तो पाण्यात विरघळवतात. इथेच रसायनशास्त्राचा धागा हाती येतो. चपडा ही मुळात आम्लधर्मी राळ आहे. ती साध्या पाण्यात विरघळत नाही, आम्लातही विरघळत नाही, अल्कलीत आणि मद्यार्कात विरघळते. फळावर द्रावण सुकले की अमोनिया उडून जातो आणि मागे राळेची पाण्याला दाद न देणारी फिल्म उरते. मधमाश्यांचे मेण आणि कार्नौबा यांचा स्वभाव वेगळा. त्यांना सौम्य अल्कली काही करत नाही, त्यांना उष्णता लागते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते. कार्नौबा त्याहून चिवट, ८२ ते ८६ अंशांना.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. धुण्याने काय होते?

नळाच्या थंड पाण्याने यांपैकी काहीही जात नाही. परातीत गोठलेल्या तुपावर थंड पाणी ओतले तर जे होते, तेच इथे होते. पण म्हणून धुणे वाया गेले असे मुळीच नाही. वाहत्या पाण्याखाली हातांनी चोळून अर्धा मिनिट धुतले तर धूळ, माती, ज्या अनेक हातांतून ते फळ गेले त्यांचे जंतू आणि वरवरचे काही अवशेष जातात. धुण्याचा उद्देश हाच धरावा. मेण काढण्याची अपेक्षा पाण्याकडून करू नये.

गरम पाण्याचे काय? हाताला सोसवेल असे पाणी ४५ अंशांच्या आसपास असते. त्याने मधमाश्यांचे मेणही वितळत नाही, कार्नौबाची तर गोष्टच सोडा. फार तर थोडे मऊ होईल. आणि उकळते पाणी ओतले तर? मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत सफरचंदावर उकळते पाणी ओततात, साल पांढरी पडते आणि मग 'हे पाहा विष' असे सांगतात. त्या पांढरेपणाने एवढेच सिद्ध होते की फळावर मेण किंवा राळ आहे आणि उष्णतेने तिची पारदर्शक फिल्म तुटली आहे. ती कशाची आहे हे त्यातून कळत नाही. शिवाय उकळत्या पाण्याने साल भाजते, तिच्याखालच्या पेशी फुटतात आणि फळ तिथे तपकिरी पडते. मेण घालवण्याच्या नादात फळच वाया जाते.

रायपूरच्या उन्हाळ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मे महिन्यात हातगाडीवरून घेतलेले सफरचंद आतपर्यंत तापलेले असते. ते फ्रिजच्या गार पाण्यात बुडवू नये. फळाच्या गाभ्यात हवा असते. गार पाण्यात ती हवा आकसते आणि देठाच्या व तळाच्या खळग्यातून बाहेरचे पाणी आत खेचते. पाण्यात जे जंतू असतील तेही त्याबरोबर आत जातात, आणि एकदा आत गेले की बाहेरून कितीही धुवा, त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. मोठ्या पॅकिंग केंद्रांत म्हणूनच हौदाचे पाणी फळापेक्षा थोडे उबदार ठेवण्याचा दंडक आहे. आपण घरी एवढेच करावे: फळ आधी सावलीत गार होऊ द्यावे, बुडवू नये, साध्या वाहत्या पाण्याखाली धुवावे.

मीठ, व्हिनेगर, लिंबू हे उपायही फार सांगितले जातात. मिठाचा मेणावर काही परिणाम होत नाही. व्हिनेगर आणि लिंबू ही आम्ले, आणि आम्लात ना मेण विरघळते ना चपडा. जंतूंची संख्या कमी करायला व्हिनेगरचा थोडा उपयोग होतो, पण मेणापुरते विचाराल तर तो उपाय नाही.

खाण्याचा सोडा मात्र वेगळ्या घरातला आहे. त्याचे पाणी सौम्य अल्कलीचे असते. चपडा अल्कलीत सैल होतो हे आपण पाहिले, त्यामुळे चपड्याच्या थरावर सोड्याचा काही परिणाम होतो, तोही सावकाश आणि अपुरा. कार्नौबावर होत नाही. तरीही सोड्याला एक भक्कम आधार आहे आणि तो मेणाशी नव्हे, कीटकनाशकांशी संबंधित आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 'गाला' जातीच्या सफरचंदांवर दोन रसायने लावली. एक थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक आणि दुसरे फॉस्मेट हे कीटकनाशक. फळे २४ तास तशीच ठेवली आणि मग नळाचे पाणी, ब्लीचचे द्रावण आणि सोड्याचे द्रावण यांनी वेगवेगळी धुतली. सोडा सर्वांत सरस ठरला. एक टक्का सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर सालीवरचे अवशेष निघाले. पण थायाबेंडाझोलचा सुमारे पाचवा हिस्सा आणि फॉस्मेटचा सुमारे चार टक्के भाग सालीच्या आत शिरला होता. तिथे पाणी, सोडा, ब्लीच, काहीच पोहोचले नाही.

या प्रयोगातून दोन धडे मिळतात. पहिला, एक टक्का म्हणजे अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक चमचा सोडा, साधारण पाच ग्रॅम. आणि झटपट विसळून चालत नाही, पंधरा मिनिटे द्यावी लागतात, नंतर साध्या पाण्याने धुवावे. दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. काळजी करण्यासारखी गोष्ट मेणाच्या खाली आणि सालीच्या आत आहे. परवानगी असलेले मेण पोटात पचत नाही, तसेच बाहेर पडते. पण शीतगृहात फळ टिकावे म्हणून बुरशीनाशक कधी मेणात मिसळून लावतात, कधी आधीच्या फवारणीचे अवशेष मेणाखाली झाकले जातात. मेणाच्या थराखाली जे अडकले ते पाण्याला सहजी हाती लागत नाही. मेणाबद्दलची घरगुती भीती चुकीच्या जागी बसली आहे ती इथे.

घासण्याबद्दल बोलू. मऊ ब्रशने किंवा खरबरीत कापडाने घासले तर मेणाचा काही भाग निघतो, हे खरे. चमक कमी होते, बोटांना साल कोरडी लागते. पण जे निघते त्यात फळाचे स्वतःचे मेणही असते. ब्रशला दोन्ही मेणांतला फरक कळत नाही. कडक ब्रशने किंवा भांडी घासायच्या काथ्याने घासले तर साल ओरखडते, आणि त्या ओरखड्यांतून बुरशी शिरते. म्हणून घासायचे ते खायच्या वेळीच. आदल्या दिवशी घासून ठेवलेले फळ लवकर सडते. देठाचा आणि तळाचा खळगा मात्र बोटाने नीट चोळावा, कारण मेण आणि घाण दोन्ही तिथेच साचतात. भांड्यांचा साबण लावू नये. फळाच्या सालीला बारीक छिद्रे असतात, साबण त्यांत राहतो, आणि तो पोटात जाणे मेणापेक्षा वाईट.

मेण निश्चित काढणारा उपाय एकच, साल काढणे. सालीबरोबर दोन्ही मेणे आणि त्यांखालचे बहुतेक अवशेष जातात. त्याची किंमतही मोजावी लागते. सफरचंदात सालीसकट शंभर ग्रॅममागे सुमारे २.४ ग्रॅम तंतू असतात, साल काढली की ते १.३ ग्रॅमच्या आसपास येतात. क्वेर्सेटिनसारखे उपयुक्त घटकही मुख्यतः सालीतच असतात. आणि साल काढणार असलो तरी फळ आधी धुवायचेच. न धुतलेल्या फळावर सुरी चालवली तर सालीवरची घाण पात्याबरोबर गरात जाते.

आता चाचणी. ब्लेडने सफरचंदाची साल हलके खरवडायची आणि पांढरी भुकटी निघाली तर मेण लावले आहे असे मानायचे, ही चाचणी बाजारात आणि घरोघरी चालते. मघाचा हिशेब आठवा. फळाचे स्वतःचे मेण लावलेल्या मेणापेक्षा कितीतरी जास्त असते. झाडावरून थेट उतरवलेले, कुणीही हात न लावलेले सफरचंद खरवडले तरी पांढरा चुरा निघतो. त्यामुळे ही चाचणी काहीच सांगत नाही. तिच्या जोरावर एखाद्या फळवाल्याला फसवा ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

डोळ्यांनी ओळखायच्या खुणा अधिक भरवशाच्या आहेत. मेण न लावलेल्या फळावर, विशेषतः काश्मीर किंवा हिमाचलातून साध्या पेटीत आलेल्या फळावर, चमक असमान असते. कुठे धुरकट झाक, कुठे बोटांनी पुसून चकाकलेले भाग. मेण लावलेले फळ सगळीकडून सारखे चमकते आणि देठाच्या खळग्यात द्रावण साचून वाळल्याची पातळ, काचेसारखी खूण कधी दिसते. चपड्याची एक खास ओळख आपल्या हवेत चांगली दिसते. शीतगृहातले फळ मेमध्ये बाहेर काढले की त्याला दव सुटते. चपड्याच्या फिल्मला ते पाणी लागले की तिच्यावर पांढुरके, खडूसारखे डाग उठतात. ती बुरशी नव्हे. बुरशीचा डाग मऊ, लवदार असतो आणि त्याखालचे फळ नरम पडलेले असते. चपड्याचा डाग कोरडा असतो, खाली फळ टणक असते, आणि सालीबरोबर तो पूर्ण निघून जातो.

चपड्याचा उल्लेख आला की आपल्या शहरातल्या एका मोठ्या समाजाची आठवण ठेवायला हवी. रायपुरात जैन कुटुंबे खूप आहेत, आणि लाख किड्यापासून येते. ज्यांच्या आहारनियमांत हे बसत नाही, त्यांना आपण काय खातो ते कळण्याचा हक्क आहे. मेणाचे नाव वेष्टनावर छापण्याची अट म्हणूनच केवळ कागदी सोपस्कार मानू नये. परदेशी सफरचंदाच्या खोक्यावर तो मजकूर बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत असतो: वनस्पतिजन्य, मधमाश्यांचे, चपड्याचे किंवा खनिज तेलापासूनचे मेण वा राळ लावली आहे, अशा आशयाचा. फळावर चिकटवलेल्या छोट्या लेबलवरचा आकडा मात्र मेणाबद्दल काही सांगत नाही. तो जात आणि प्रकार ओळखायचा क्रमांक असतो. ठेल्यावर फळ सुटे विकले जाते, खोके मागे पडलेले असते. ते दाखवायला सांगावे. बहुतेक फळवाले आनंदाने दाखवतात.

आता काकडीकडे वळतो. आपल्या घरांत ती काकडी, बाजारात ती खीरा. इथे सफरचंदाचा अनुभव जसाच्या तसा लागू करण्याची चूक फार होते. अमेरिकेत दुकानातल्या जाड सालीच्या काकड्यांना मेण लावण्याची पद्धत आहे, कारण त्या दूरवरून येतात आणि दुकानात बरेच दिवस राहतात. काकडीत शंभर ग्रॅममागे ९५ ग्रॅमहून अधिक पाणी असते, आणि तिची साल सफरचंदाइतकी पाणी धरून ठेवत नाही. पण रायपूरची काकडी मुख्यतः जवळपासची असते. उन्हाळ्यात महानदीच्या वाळूत पिकवलेली असो किंवा एखाद्या शेतातल्या पॉलिहाउसमधली, ती डुमरतराईच्या घाऊक बाजारात येते आणि एक-दोन दिवसांत घरात पोहोचते. एवढ्यासाठी मेणाचा खर्च कुणी करत नाही. सुरकुतली तर विक्रेता पाणी शिंपडतो.

काकडीवर हात लावल्यावर निघणारी जी पांढरट पूड असते, तिलाही अनेकजण मेण किंवा औषध समजतात. ती बहुतांश सिलिका असते, वाळूतलेच द्रव्य. काकडी ते जमिनीतून घेते आणि सालीवरच्या सूक्ष्म लवेतून बाहेर टाकते. ती पूड असणे ही काकडी ताजी असल्याची चांगली खूण आहे. पाण्याखाली बोट फिरवले की ती जाते.

काकडीबाबत खरी शंका असायला हवी ती तेलाची आणि रंगाची. जुनी, निस्तेज काकडी हिरवीगार दिसावी म्हणून तिला तेलाचा हात फिरवणे किंवा मॅलाकाइट ग्रीनसारख्या कापडाच्या रंगाच्या पाण्यात बुडवणे, हे बेकायदा आहे आणि आरोग्याला घातक आहे. हे घरी ओळखता येते.

तेलासाठी एक पांढरा पातळ कागद घ्या. काकडी कोरडी आहे याची खात्री करून तिच्यावर कागद दाबून घासा आणि तो कागद पंख्याखाली ठेवा. पाण्याचा डाग काही मिनिटांत वाळून नाहीसा होतो. तेलाचा डाग वाळत नाही. कागद उजेडासमोर धरला की तो भाग अर्धपारदर्शक दिसतो. रंगासाठी कापसाचा बोळा घ्या, तो औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पातळ लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवा आणि सालीच्या एका भागावर घासा. बोळा हिरवा झाला तर तो रंग भाजीचा नाही. काकडीचे स्वतःचे हरितद्रव्य सालीच्या पेशींत असते, ते अशा हलक्या घासण्याने कापसाला लागत नाही. घरी करायच्या चाचण्यांच्या पुस्तिकेत हिरव्या भाज्यांसाठी ही चाचणी अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच दिली आहे. मात्र साल खरडेल इतके जोरात घासू नका, नाहीतर पेशी फुटून हरितद्रव्यही येईल आणि निष्कर्ष चुकेल.

डाग उठला नाही आणि बोळा पांढराच राहिला, तर ती काकडी नीट धुऊन सालीसकट खावी. आपण खमंग काकडीसाठी ती सोलून चोचवतो ते चवीसाठी आणि पोतासाठी, मेणाच्या भीतीने नव्हे. डाग उठला तर साल काढून खाण्याचा सल्ला मी देणार नाही. तेल आणि रंग सालीवर थांबतीलच अशी खात्री नसते. ती काकडी खाऊ नये आणि अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. ज्या विक्रेत्याने पाणी शिंपडले आणि ज्याने रंग लावला, त्या दोघांना एकाच पारड्यात बसवू नये, म्हणून तर चाचणी करायची.

एवढे सगळे ऐकून 'मग रोज घरात काय करायचे?' असे तुम्ही विचाराल. मी स्वतः जे योग्य मानतो ते सांगतो. कोणतेही सफरचंद, कोणतीही काकडी खाण्याआधी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून, खळग्यांसकट धुवावी. काश्मीर-हिमाचलचे साधे सफरचंद सालीसकट खावे. परदेशी, सगळीकडून सारखे चमकणारे आणि खोके न दाखवता विकलेले सफरचंद असेल तर त्याला पंधरा मिनिटे सोड्याचे पाणी द्यावे, आणि लहान मुलांना, आजारी माणसांना द्यायचे असेल तर साल काढावी. गरम पाणी, मीठ, व्हिनेगर, साबण यांत वेळ घालवू नये.

निर्णय स्पष्ट आहे. पाण्याने मेण निघत नाही, घासल्याने अर्धवट निघते, साल काढली तरच पूर्ण निघते. परवानगी असलेले मेण हा भीतीचा विषय नाही; त्याखाली दडलेले बुरशीनाशक आणि बेकायदा तेल-रंग हा आहे, आणि त्यावरचा उपाय आपल्या नळाखाली अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा बाजारात आहे. म्हणून माझी विनंती एकच: पुढच्या वेळी चमकदार सफरचंद घेताना फळवाल्याकडे खोके मागा, मेणाचे नाव वाचा, आणि ते छापलेले नसेल तर ते फळ घेऊ नका. कायद्याने दिलेला हा अधिकार ग्राहकाने वापरला तरच तो कागदावरून ठेल्यापर्यंत येईल.